पहिली गझल वृत्तात आहे की नाही, हे कसं तपासायचं?

प्रश्न: मी देवगडला राहतो, वर्षभर गझल लिहायचा प्रयत्न करतोय. सोबत पाच शेर दिले आहेत. म्हणून पाहिले की सगळं चालीत बसतं, पण एका जाणकारांनी 'पुन्हा' या शब्दाने वृत्त मोडलंय आणि एक काफियाही चुकलाय असं सांगितलं. नक्की कुठे चुकतंय आणि यापुढे मी माझं मी कसं तपासू?

उत्तर:

'पुन्हा'ने तुमचं वृत्त मोडलेलं नाही. काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, मात्र खरंच चुकला आहे. आणखी तीन ठिकाणी अडचण आहे, ती त्यांनी सांगितलेली दिसत नाही. मी रत्नागिरीचा. आम्ही चार-पाच जण गेली बरीच वर्षं एकमेकांच्या गझला तपासतो. त्या सवयीने तुमचे शेर वहीत उतरवून घेतले आणि एकेक अक्षर मोजलं.

आधी चालीबद्दल. आपल्याकडे लहानपणापासून भजनं कानावर असतात, त्यामुळे म्हणताना ऱ्हस्व अक्षर ओढणं आणि दीर्घ अक्षर आखडणं गळ्याला आपोआप जमतं. म्हणूनच वृत्त गाऊन तपासू नका. चाल चूक झाकते. ओळ सपाट आवाजात वाचा, प्रत्येक अक्षराखाली 'ल' किंवा 'गा' लिहा. ऱ्हस्व ते ल म्हणजे लघू, एक मात्रा. दीर्घ ते गा म्हणजे गुरू, दोन मात्रा. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागे पडला, तर तेही गा.

तुमचा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, असा आहे:

एकटी खाडीत माझी नाव आहे
पैलतीरी ओळखीचा गाव आहे

पहिली ओळ: ए-क-टी-खा, डी-त-मा-झी, ना-व-आ-हे. म्हणजे गालगागा गालगागा गालगागा. दुसरीही तंतोतंत तशीच. हे मंजुघोषा वृत्त, ओळीला बारा अक्षरं आणि एकवीस मात्रा. मतल्याने तुम्ही पुढच्या सगळ्या शेरांसाठी तीन गोष्टी कबूल केल्या: वृत्त मंजुघोषा, रदीफ म्हणजे शेवटी तसाच येणारा शब्द 'आहे', आणि रदीफाच्या लगेच आधी 'आव'ने संपणारा काफिया. मतला स्वतः सुंदर आहे, त्याला हात लावू नका.

आता तुमचा वादातला शेर:

मांडतो आहे पुन्हा मी तोच आता
वादळाने मोडला जो डाव आहे

'न्हा' जोडाक्षर आहे हे खरं, पण उच्चारताना 'पु'वर जोर येत नाही. न्ह, म्ह, ल्ह यांचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून 'पुन्हा' आणि 'तुम्ही' हे दोन्ही लगा. 'तुझ्या'चंही तसंच. उलट 'अक्षर' म्हणून पाहा: 'अ' दाबला जातो, तिथे तो गा होतो. नियम डोळ्यांनी लावायचा नसतो, कानाने लावायचा असतो. तुमची ओळ मां-ड-तो-आ, हे-पु-न्हा-मी, तो-च-आ-ता अशी बिनचूक आहे. माझी तक्रार आहे ती 'आता'बद्दल. 'पुन्हा' आल्यावर 'आता' नवं काही सांगत नाही, फक्त शेवटच्या दोन गा भरायला आलाय. अशा शब्दाला आम्ही भरीचा शब्द म्हणतो. वृत्त सुटलेलं नसतं, पण शेर पातळ होतो.

खरी वृत्ताची चूक इथे आहे:

लाट आली, अक्षरे घेऊन गेली
वाळूवर अजुनी तुझे ते नाव आहे

वरची ओळ चोख. खालची मोजून पाहा:

वा ळू व र अ जु नी तु झे ते ना व आ हे
गा गा ल ल ल ल गा ल गा गा गा ल गा गा

चौदा अक्षरं, बावीस मात्रा. दुसऱ्याच अक्षराला, जिथे ल हवा, तिथे 'ळू' दीर्घ आहे. तुम्ही गाताना तो नकळत 'ळु' करत असणार. 'वाळुवर' लिहिलं तर मात्रा एकवीस होतात, आणि 'वर' व 'अजु' या दोन-दोन लघूंना एकेक गुरू धरलं तर ओळ बसल्यासारखी वाटते. गुरूच्या जागी दोन लघू घेण्याची ही सूट बरेच जण घेतात. मात्रावृत्तात ते रीतसर आहे. मंजुघोषा हे अक्षरगणवृत्त, इथे लघू-गुरूंची जागा ठरलेली. तुमच्या बाकीच्या सगळ्या ओळी बारा अक्षरांच्या असताना एकाच ओळीत दोनदा सूट घेतली, तर ऐकणाऱ्याला ठेच लागतेच. सूट घ्यायचीच तर ती तुम्ही ठरवून घेतली आहे असं दिसलं पाहिजे.

पण याच ओळीत अर्थाचीही अडचण आहे, आणि दुरुस्तीची वाट तिथूनच सापडली. लाट अक्षरं घेऊन गेली म्हणता, मग वाळूवर नाव उरेल कसं? पुसलं गेलं तरी नाव कुठेतरी शिल्लक आहे, हेच तुम्हाला म्हणायचं आहे. मग ते वाळूवर नको, दुसऱ्या जागी हवं.

लाट आली, अक्षरे घेऊन गेली
आजही ओठी तुझे ते नाव आहे

आ-ज-ही-ओ, ठी-तु-झे-ते, ना-व-आ-हे. वृत्त सरळ झालं. 'ते'ला आता काम मिळालं, कारण ते लाटेने नेलेल्या अक्षरांकडेच बोट दाखवतं. मतल्यात 'नाव' म्हणजे होडी आणि इथे 'नाव' म्हणजे संबोधन, तेव्हा काफिया पुन्हा आला असला तरी अर्थ वेगळा आहे. तो दोष नाही.

काफिया चुकलाय तो शेर मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून सांगताना जीवावर येतंय:

घेतले जाळे उशाला, झोप नाही
सागरापाशीच माझा जीव आहे

वृत्त उत्तम. दोन ओळी एकमेकींना घट्ट धरून आहेत, रापणीवर राबणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. पण काफिया म्हणजे नुसतं शेवटचं व्यंजन नाही. त्याच्या आधीचा स्वरही तोच राहावा लागतो, त्या न बदलणाऱ्या स्वराला अलामत म्हणतात. सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'त हे अगदी सोप्या भाषेत आहे. नाव, गाव, डाव यांत 'व'च्या आधी 'आ' आहे. 'जीव'मध्ये 'ई' आला. 'देव' घेतला असता तर 'ए' आला असता. एक साधी सवय लावून घ्या: गझल झाली की फक्त काफिये एकाखाली एक लिहायचे आणि उरलेली गझल झाकायची. नाव, गाव, नाव, जीव, डाव, घाव. 'जीव' लगेच उपरा दिसतो.

मग एक तर 'जीव' असलेला शेर दुसऱ्या गझलेसाठी बाजूला ठेवायचा, किंवा 'आव'चा शब्द शोधायचा. भाव, घाव, ठाव, वाव, धाव, हाव असे शब्द आहेत. त्यातला अर्थाला लागणारा घ्यायचा, जुळतोय म्हणून नाही. मला 'ठाव' सुचला:

घेतले जाळे उशाला, झोप नाही
सागराला फक्त माझा ठाव आहे

'फक्त'मधला 'फ' आघातामुळे गा, म्हणून फ-क्त-मा-झा बरोबर. शेर शुद्ध झाला, पण मूळ ओळीची ओढ कमी झाली हे मला मान्य आहे. मी तुमच्या जागी असतो तर 'जीव' काफिया धरून नवा मतला लिहिला असता. तो तुमचा निर्णय.

उरला पाचवा शेर:

मोहराची बाग झाली पार काळी
काळजाला खोल माझ्या घाव आहे

वृत्त, रदीफ, काफिया, तिन्ही जागेवर. तरी शेर उभा राहत नाही. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असतो. मागच्या-पुढच्या शेरांची मदत न घेता दोन ओळींतच अर्थ पुरा व्हायला हवा. वरची ओळ काहीतरी मांडते, ऐकणारा थांबतो, खालची ओळ ते पुरं करते किंवा उलटवते. मुशायऱ्यात वरची ओळ दोनदा म्हणतात ती यासाठीच. तुमच्या वरच्या ओळीत नेमकं चित्र आहे, मोहोर काळा पडणं म्हणजे काय हे देवगडात कोणाला सांगावं लागणार नाही. खालच्या ओळीत मात्र ते चित्र नाहीसं झालं.

हे ओळखायची माझी खात्रीची रीत अशी. खालची ओळ उचलायची आणि गझलेतल्या दुसऱ्या एखाद्या शेराच्या वरच्या ओळीखाली ठेवून वाचायची. 'लाट आली, अक्षरे घेऊन गेली, काळजाला खोल माझ्या घाव आहे.' चाललं. 'घेतले जाळे उशाला, झोप नाही, काळजाला खोल माझ्या घाव आहे.' हेही चाललं. जी ओळ सगळीकडे चालते ती कुठलीच नसते. उलट 'सागरापाशीच माझा जीव आहे' लाटेच्या ओळीखाली ठेवून बघा, दोन ओळी एकमेकींना ओळखतही नाहीत. ती आपल्या जाळ्याला बांधलेली आहे.

मोहराच्या ओळीला खालून तोडीस तोड काय येईल? बागायतदाराचं खरं दुःख मला वाटतं असं आहे: ज्या वर्षी आंबा नसतो, त्याच वर्षी पेटीला दर चढतो.

मोहराची बाग झाली पार काळी
आणि पेटीला म्हणे हा भाव आहे

आ-णि-पे-टी, ला-म्ह-णे-हा, भा-व-आ-हे. 'आणि'तला 'णि' ऱ्हस्वच, तो इथे ल म्हणून बरोबर बसतो. बरेच जण सवयीने 'आणी' धरून मोजतात आणि नंतर मात्रा का जुळत नाहीत म्हणून अडतात. काळजाचा उल्लेख गेला, घाव मात्र राहिला असं मला वाटतं. 'म्हणे'त तो आला. तुम्हाला तो शब्द खटकला तर 'अता' घालून पाहा, ला-अ-ता-हा हेही त्याच जागी बसतं, पण मग त्या दराची बातमी दुसऱ्याकडून कानावर आल्याची कळ जाते.

तपासताना क्रम असा ठेवा: आधी काफियांची यादी, मग लघू-गुरू, आणि ओळींची अदलाबदल सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवस गेल्यावर. लिहिल्या दिवशी आपल्याला म्हणायचं काय होतं हे डोक्यात ताजं असतं, त्यामुळे ओळीत नसलेला अर्थही दिसत राहतो. तुमच्या वाळूवरच्या नावाचं तेच झालं असणार. 'आता'च्या जागी काय येईल ते मी मुद्दाम सुचवलेलं नाही. गालगागातल्या शेवटच्या दोन गुरूंची जागा आहे, आणि वादळानंतर पुन्हा डाव मांडणारा माणूस कसा आहे हे तुम्हालाच माहीत. सापडलं की इथेच लिहा, मी मोजून बघेन.