अ‍ॅपने सांगितलेली गणपतीची पूजा चालते का?

प्रश्न: चतुर्थीला गावात भटजी मिळत नाहीत. एआय अ‍ॅपने पूजा सांगितली तर ती लागू होते का?

उत्तर: माझ्या मते होते, पण संकल्प तुम्हीच सोडायचा. मीमांसेत, म्हणजे वैदिक कर्मांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, कर्माचं फळ यजमानाला मिळतं. ऋत्विज, म्हणजे कर्म करून देणारा पुरोहित, दक्षिणा देऊन नेमलेला असतो. यंत्र दक्षिणा स्वीकारू शकत नाही, म्हणून ते भटजी नव्हे, बोलती पोथी.

2025 साली आमच्या मालवणच्या घरी जुनं रेकॉर्डिंग लावलं. संकल्पात वर्षाचं नाव घ्यायचं असतं; संवत्सर होतं विश्वावसू, आवाज म्हणाला 'क्रोधी'. काकांनी पळीतलं पाणी ताम्हनात सोडलंच नाही. अ‍ॅप ही चूक सुधारेल, पण 'करिष्ये' कोण म्हणणार?

कोकणात देवापुढे सगळ्यांसाठी मागणं मांडतात, त्या गाऱ्हाण्याला मात्र यंत्र नको. तिथे गावाच्या वतीने माणूस देवाशी बोलतो, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणारे त्याला ओळखत असतात.