प्रबंधाच्या मसुद्यावर सरांचे शेरे आले, आता कामाचा क्रम असा लाव

शेरे पानांच्या क्रमाने सोडवू नकोस. आधी प्रत्येक शेरा वहीत उतरव आणि त्यापुढे क्रियापद असलेलं काम लिही. ‘विश्लेषण उथळ’ हे काम नव्हे, ‘तक्ता ४.२ मधला ग्रामीण-शहरी फरक का पडला, ते मुलाखतींच्या आधारे दोन परिच्छेदांत मांडणे’ हे काम.

मग बघ, कोणत्या बदलाने दुसरी पानं हलतात. ‘दुसरं उद्दिष्ट निष्कर्षांत दिसत नाही’ हा शेरा शेवटच्या पानावर असला तरी पहिला घे. ते उद्दिष्ट वगळलंस तर प्रश्नावली, चौथं प्रकरण, सारांश सगळंच बदलेल. मात्र वगळायचं की नाही, हे सरांना विचारूनच ठरव. शुद्धलेखन, संदर्भसूची अगदी शेवटी; नाहीतर दुरुस्त केलेला परिच्छेदच उद्या कापला जाईल.