मायक्रोवेव्ह फिरतो, घुमतो, पण गरम करत नाही

प्रश्न: प्लेट फिरते, दिवा लागतो, घूं आवाज येतो, पण दूध थंडच. मॅग्नेट्रॉन गेला का? नागपूर.

आधी आवाज ऐका. नेहमीपेक्षा जड घुमत असेल, तर माझा पहिला संशय डायोडवर.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे साधारण २००० करतो. कपॅसिटर ते साठवतो आणि डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून मॅग्नेट्रॉनला जवळपास ४००० व्होल्ट मिळतात. त्यातून तो लहरी तयार करतो. डायोड शॉर्ट झाला की हा दाब बनतच नाही, ट्रान्सफॉर्मर मात्र ओझ्याने घुमतो.

आमच्या धरमपेठेतल्या घरी हेच झालं. मेकॅनिकने डायोड सुटा काढून ९ व्होल्टची बॅटरी मालिकेत जोडून मोजला, कारण साधं मल्टिमीटर चांगला डायोडही बंदच दाखवतं. दोन्ही दिशांनी वीज गेली, म्हणजे शॉर्ट. बर्डीवरून नवीन आणला, दूध उकळलं. आवाज नेहमीसारखाच असेल, तर मॅग्नेट्रॉन किंवा तुटलेला डायोड तपासायला सांगा.

झाकण स्वतः उघडू नका हो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.