बोटं गेली, मालक म्हणतो दीड लाख घे

"वकीलसाहेब, मी रबाळे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर आहे. वय 35, पगार 18,000. मे 2025 मध्ये उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. आता परत कामावर जातो. मालक म्हणतो, दीड लाख घे आणि सही कर. मित्र म्हणतो, नुकसानभरपाईची केस टाक. दुसरा म्हणतो, पीएफमधून अपंगत्वाची पेन्शन मिळते. नक्की काय माझं?"

आधी तुमची पगाराची चिठ्ठी काढा. कपातीत ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, 135 रुपये दिसतात का? पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे बरोबर तेवढेच. दिसत असतील तर तुम्ही विमाधारक आहात, आणि मग अपघाताच्या वेळी लागू असलेल्या ईएसआय कायद्याचं कलम 53 मालकावरची नुकसानभरपाईची केस अडवतं. सुप्रीम कोर्टानेही 1996 मध्ये हेच सांगितलं. मालकाने कपात करूनही पैसे भरले नसतील, तरी तुमचा हक्क जात नाही. वसुली ईएसआय महामंडळ मालकाकडून करतं.

मित्राच्या मार्गाने गेला असतात तर हिशेब असा झाला असता. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यात पगार 15,000 पर्यंतच धरायचे. त्याचे साठ टक्के 9,000, गुणिले तुमच्या वयाचा गुणांक 197.06, आणि दोन बोटांचे वीस टक्के. रक्कम 3,54,708. एकदाच. ईएसआय नसलेल्या कामगाराला तेव्हा हाच रस्ता होता.

तुम्हाला ईएसआयकडून दरमहा मिळेल. रोजचा सरासरी पगार 600 धरला तर त्याचे नव्वद टक्के 540, त्याच्या वीस टक्के म्हणजे रोज 108. महिन्याला साधारण 3,240, हयातभर, आणि पगार चालू असला तरी. नऊ-सव्वानऊ वर्षांत ती 3,54,708 ओलांडते, म्हणजे चव्वेचाळिशीत तुम्ही फायद्यात. म्हणून कलम 53 चं वाईट वाटून घेऊ नका.

पीएफची पेन्शन मात्र विसरा. ती कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलेल्याला, म्हणजे आधीचं काम करताच येत नाही अशाला. तुम्ही त्याच प्रेसवर उभे आहात.

पैसे अडकतात ते कागदावर. मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयला पाठवला होता का, ते शाखा कार्यालयात विचारा. नसेल तर दवाखान्याची पहिली नोंद, हजेरीपत्रक आणि शेजारच्या प्रेसवरच्या माणसाचा जबाब घेऊन जा. रजेतला नव्वद टक्क्यांचा भत्ता मिळाला का, तेही पाहा. मग मेडिकल बोर्डासाठी अर्ज द्या. बोर्ड टक्केवारी ठरवतं. बोटाचं एखादंच पेरं गेलं असेल तर टक्के कमी होतात, त्यामुळे एक्स-रे सोबत न्या. कमी लावली तर अपील आहे.

दीड लाखाच्या कागदावर 'अपघात घरी झाला' असं कुठे लिहिलंय का, एवढं वाचा. तसं असेल तर सही करू नका.