बाजारभावाचा तक्ता शेतमालानुसार लावताना

पहिला तक्ता करतोयस ना, मग एकच माल घे, कांदा. बाजारभावाची यादी बाजार समितीनुसार असेल तर ती आधी शेतमाल, मग जात, मग परिमाण अशी सॉर्ट कर. लाल, उन्हाळी, लोकल एकत्र करू नकोस, आणि पुढे भाज्या घेशील तेव्हा लक्षात ठेव, मेथी-कोथिंबीर बऱ्याचदा नगावर असते, ती क्विंटलमध्ये मिसळली की किमान दर एकदम पाच-दहा रुपये दिसतो, तिथेच चूक कळते.

मग सगळ्या बाजारांचा मिळून एकेक दर काढ. किमान म्हणजे किमान दरांतला सगळ्यात कमी, कमाल म्हणजे कमाल दरांतला सगळ्यात जास्त, एवढं सोपं.

सगळे चुकतात ते सर्वसाधारण दरात. तो किमान-कमालचा मध्य नाही, जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो भाव. समज एका बाजारात उन्हाळी कांदा 9000 क्विंटल, सर्वसाधारण दर 1500, दुसऱ्यात 1000 क्विंटल, दर 1000. साधी सरासरी 1250 येते पण बहुतेक माल तर 1500 च्या बाजारात गेलाय! म्हणून आवकेचं वजन द्यायचं, 1450 येतं. आवक D मध्ये, दर G मध्ये असेल तर:

```
=SUMPRODUCT(D2:D3,G2:G3)/SUM(D2:D3)
```

हा अंदाजच, खरा सर्वसाधारण दर नव्हे, म्हणून कॉलमवर ‘आवक-भारित’ लिही.