प्रीमियमचं ‘निर्लेखन’ की ‘परिशोधन’?

प्रश्न: आमच्या सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालात खर्चाच्या बाजूला ‘सरकारी रोख्यांवरील प्रीमियमचे निर्लेखन’ असं छापलंय. एका कंपनीच्या अहवालात तशाच बाबीला ‘परिशोधन (प्रभावी व्याज पद्धतीने)’ म्हटलंय. बरोबर कोणतं? परिशोधन म्हणजे शुद्ध करणं ना? आणि ती पद्धत म्हणजे नेमकं काय करतात?

उत्तर: ‘परिशोधन’ बरोबर. ‘निर्लेखन’ इथे दिशाभूल करतं. बुडीत कर्ज निर्लेखित करतात, म्हणजे येण्याची आशा सुटलेली रक्कम वहीतून काढून टाकतात. रोख्यावरचा प्रीमियम बुडालेला नसतो. तो परत येतच असतो, फक्त व्याजाच्या चेहऱ्याने येतो. हे आकड्यांत पाहिलं की शब्दाचा निकाल आपोआप लागेल.

एक रोखा घेऊ. दर्शनी किंमत १,००,००० रुपये, कूपन म्हणजे रोख्यावर छापलेला व्याजदर ८ टक्के, मुदतपूर्तीला ३ वर्षं बाकी. सोयीसाठी व्याज वर्षातून एकदा मिळतं असं धरू. बाजारात आज तशाच रोख्यावर ६ टक्केच मिळत असतील, तर ८ टक्के देणारा रोखा कुणी लाखाला विकणार नाही. दर वर्षीचे ८,००० आणि शेवटी येणारे १,००,००० यांचं ६ टक्क्यांनी आजचं मूल्य काढलं की १,०५,३४६ रुपये येतं. तेवढे मोजून आपण रोखा घेतला. वरचे ५,३४६ म्हणजे प्रीमियम, पाठ्यपुस्तकातलं ‘अधिमूल्य’.

आता पहिलं वर्ष संपलं आणि हातात ८,००० आले. पण आपण गुंतवले होते १,०५,३४६, तेही ६ टक्के मिळतील या हिशेबाने. त्यावर ६ टक्के होतात ६,३२१. तेवढंच खरं उत्पन्न. उरलेले १,६७९ रुपये हे आपलंच मुद्दल आहे, कूपनच्या पाकिटात घालून परत आलेलं. म्हणून ते रोख्याच्या पुस्तकी किमतीतून वजा करायचे, आणि किंमत होते १,०३,६६७. दुसऱ्या वर्षी ६ टक्के या नव्या किमतीवर: व्याज ६,२२०, मुद्दल १,७८०, पुस्तकी किंमत १,०१,८८७. तिसऱ्या वर्षी व्याज ६,११३, मुद्दल १,८८७, आणि किंमत बरोबर १,००,०००. त्या दिवशी रोखा फेडला जातो आणि नफाही होत नाही, तोटाही नाही.

प्रभावी व्याज पद्धत ती हीच. ‘प्रभावी’ या शब्दाने गोंधळ होतो, कारण रोजच्या मराठीत प्रभावी म्हणजे छाप पाडणारा. इथे अर्थ ‘प्रत्यक्षात पडणारा’ असा आहे: रोख्यावर छापलेला ८ नव्हे, तर मोजलेल्या किमतीवर खरोखर पडणारा ६. खरेदीच्या दिवशी हा दर एकदा ठरला की स्थिर दराच्या रोख्यासाठी तो मुदत संपेपर्यंत बदलत नाही. पुढे बाजार ९ टक्क्यांवर गेला तरी वरच्या तक्त्यातला एकही आकडा हलत नाही.

प्रीमियमचे तीन सारखे भाग का करत नाहीत, असा पुढचा प्रश्न साहजिक आहे. करता येतात. दर वर्षी १,७८२ वजा करायचे, उत्पन्न दर वर्षी ६,२१८ दाखवायचं. बेरीज तीच येते. पण प्रत्येक वर्षाचं उत्पन्न त्या वर्षाच्या सुरुवातीच्या पुस्तकी किमतीशी ताडून पाहिलं की पहिल्या वर्षी ५.९० टक्के, दुसऱ्या वर्षी ६.०० आणि तिसऱ्या वर्षी ६.११ टक्के परतावा दिसतो. रोखा तोच, मालक तोच, तरी परतावा वाढत गेल्यासारखा दिसतो. ही खोटी चढण प्रभावी पद्धतीत राहत नाही. भारतीय लेखामानक १०९ लागू असलेल्या कंपन्यांना, परिशोधित मूल्यावर ठेवलेल्या रोख्यांसाठी, हीच पद्धत वापरावी लागते. अमेरिकी नियमांत सरळ भागणी चालते, पण फरक नगण्य असेल तेव्हाच.

उलटी बाजूही पाहायला हवी, कारण शब्दाची खरी परीक्षा तिथे होते. कूपन ६ टक्के आणि बाजार ८ टक्के असेल, तर तोच तीन वर्षांचा रोखा ९४,८४६ ला मिळेल. दर्शनी किमतीपेक्षा कमी पडलेल्या या ५,१५४ रुपयांना आपल्याकडे ‘कसर’ म्हणतात. ‘सवलत’ म्हणू नये, कारण विकणाऱ्याने इथे कुणावर मेहेरबानी केलेली नाही. पहिल्या वर्षी उत्पन्न ७,५८८, हातात मात्र ६,०००. न मिळालेले १,५८८ पुस्तकी किमतीत चढतात आणि ती ९६,४३४ होते. पुढच्या वर्षी १,७१५ चढतात, शेवटच्या वर्षी १,८५१. (काटेकोर गुणाकाराने १,८५२ येतात. तो एक रुपया पूर्णांकांचा आहे आणि तो नेहमी शेवटच्या ओळीत जिरवायचा.)

प्रीमियम असो वा कसर, दर वर्षी हलणारी रक्कम वाढतच जाते, हे लक्षात आलं असेल. कसर असताना ती घटत जाईल असं अनेकांना वाटतं, पण तसं होत नाही. मागच्या वर्षीच्या रकमेला पहिल्या तक्त्यात १.०६ ने, दुसऱ्यात १.०८ ने गुणलं की पुढची रक्कम मिळते. कुणी तयार केलेला तक्ता तपासायचा तर हाच सर्वांत जलद उपाय आहे. गुणोत्तर जुळलं नाही, तर बहुतेकदा छापील दर पुस्तकी किमतीला लावलेला असतो किंवा प्रभावी दर दर्शनी किमतीला. आपले सरकारी रोखे सहामाही व्याज देतात. तिथे ६ चे ३ करून सहा ओळी मांडायच्या असतात, हेही राहून जातं.

आता शब्दाकडे. ‘शोधन’चा शुद्ध करणे हा अर्थ तुम्ही सांगितलात तो आहेच, पण संस्कृतात ‘ऋणशोधन’ म्हणजे कर्ज फेडणं. ‘परिशोधन’ या अर्थाने आलं आहे: हळूहळू पूर्ण फेड. प्रीमियमच्या बाबतीत तो शब्द चपखल बसतो, कारण दर वर्षी १,६७९, १,७८०, १,८८७ असं आपलं मुद्दलच फेडलं जात असतं. कसरीला मात्र तो ओढूनताणून लागतो, कारण तिथे काही फिटत नाही, उलट येणं साठत जातं. तरी दोन्हींना एकच संज्ञा रूढ आहे आणि ती मोडण्यात अर्थ नाही. बोलताना बँकेतली माणसं ‘प्रीमियम अमॉर्टाइज केला’ असंच म्हणतात, त्यालाही माझी हरकत नाही. सभासदांना समजावून सांगायचं असेल तर मी ‘प्रीमियम मुदतीभर व्याजात मुरवला’ असं म्हणेन. ‘मुरवणे’ दोन्ही बाजूंना चालतं.

तुमच्या बँकेच्या अहवालातल्या त्या ओळीबद्दल एक सुचवतो. रोखा दोन व्याजतारखांच्या मध्ये घेतला असेल, तर विकणाऱ्याला तोवरचं व्याजही द्यावं लागतं. ती रक्कम प्रीमियम नव्हे, ती पुढच्या कूपनमधून लगेच भरून येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ती रोख्याच्या किमतीत धरायची नसते. त्यामुळे परिशोधनाचा आकडा अवाजवी मोठा वाटला, तर खंडित काळाचं हे व्याज त्यात मिसळलंय का, हे वार्षिक सभेत आधी विचारा.