चार्जरचा ठोकळा तापतो, गुणगुणतो : बदलायचा का?

"लॅपटॉपच्या चार्जरचा ठोकळा खूप तापतो आणि कान लावला की बारीक गुंऽऽ आवाज येतो. चालतंय असं, की बिघडलाय?"

एक करून बघा. लॅपटॉपची पिन काढा आणि नुसता ठोकळा सॉकेटला अर्धा तास लावून ठेवा, पण जवळच थांबा. लॅपटॉप नसताना चांगला ठोकळा अर्धा वॅटसुद्धा खात नाही, त्यामुळे तो जवळपास थंड पडतो. तरीही गरमच राहिला तर आत काहीतरी बिघडलंय, तो पुन्हा लावू नका.

लॅपटॉप जोडल्यावर तापणं मात्र ठरलेलंच. ६५ वॅटचा ठोकळा पूर्ण जोरात चालला की सात-आठ वॅट आतच उष्णता होऊन राहतात, आणि त्याला हवेला एक भोकही नसतं. त्यात आपल्या सांगलीचा मे महिना. तळहात चार-पाच सेकंद टेकवता आला तर मी काळजी करत नाही. हात झटक्यात मागे घ्यावा लागला तर आधी गादीवरून, उशीखालून काढून फरशीवर ठेवा. तिथंही तसाच तापला तर बदला.

आवाजाचं वेगळं आहे. बॅटरी भरली की ठोकळा सलग न चालता थांबत-थांबत चालतो, तेव्हा आतला छोटा ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणतो. लाइट जाऊन स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर सुरू झाला की ही गुणगुण वाढते.

मी विश्रामबागेत दुरुस्तीचं काम करतो. मागच्या उन्हाळ्यात एक कॉलेजची मुलगी ठोकळा घेऊन आली. तक्रार तुमचीच: इन्व्हर्टरवर गुणगुणतो. नुसता लावून ठेवला तर थंड राहिला, गुणगुणीतही काही वावगं नव्हतं. पण लॅपटॉप जोडला आणि टिक्... टिक्... सुरू झालं, दर टिकेला ठोकळ्यावरचा दिवा विझून पेटायचा, चार्जिंग यायचं-जायचं. उघडला तर आउटपुटकडच्या कपॅसिटरचं सपाट डोकं फुगून वर आलेलं. उष्णतेनं कपॅसिटर आतून सुकतो, सुकला की स्वतःच जास्त तापतो आणि आणखी सुकतो. लोड आला की व्होल्टेज कोसळतं, ठोकळा बंद पडून परत उठतो. ती टिकटिक त्याचीच. म्हणून थंड राहिला एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, लॅपटॉप जोडूनही पाच मिनिटं कान द्या.

टिकटिक, चरचर, जळका वास, फुगलेलं प्लास्टिक, यातलं काहीही दिसलं तर भिंतीवरचं बटण आधी बंद करा, मग पिन ओढा. चरचर सॉकेटमधून येत असेल आणि पिना काळ्या पडल्या असतील तर सॉकेट ढिला आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. ठोकळा घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात.

नवा घेताना जुन्यावरचं लेबल वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिन तीच. अँपिअर कमी असलेला घेतलात तर तो कायम पूर्ण जोरात राबेल आणि जुन्यापेक्षा जास्त तापेल.